व्हेक्टर की रास्टर? द्विमित अ‍ॅनिमेशनमधील चित्राची निवड

द्विमित अ‍ॅनिमेशनसाठी संगणकावर काढलेले चित्र दोनपैकी एका पद्धतीने साठवले जाते. पहिल्या पद्धतीत चित्राची चौकट लहान लहान चौकोनांत विभागलेली असते आणि प्रत्येक चौकोनाचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग नोंदवला जातो. हे रास्टर चित्र. दुसऱ्या पद्धतीत रंगांऐवजी आकाराची कृती साठवली जाते: रेषा कोणत्या बिंदूपासून निघते, कुठे आणि किती वळते, कोणत्या बिंदूवर संपते, तिची जाडी किती आणि तिने वेढलेल्या जागेत कोणता रंग भरायचा. हे व्हेक्टर चित्र. ठिपक्यांची रांगोळी कागदावर लिहून ठेवताना ठिपक्यांच्या ओळी आणि ते जोडण्याचा क्रम तेवढा लिहावा लागतो. मग तीच रांगोळी ताटाएवढी काढता येते आणि अंगणभरही. व्हेक्टर चित्र या लिहिलेल्या कृतीसारखे असते, तर रास्टर म्हणजे एकदा काढून झालेल्या रांगोळीतल्या प्रत्येक कणाची नोंद.

व्हेक्टरमधील वळणदार रेषा बहुधा बेझिए वक्राने मांडली जाते. हे वक्र १९६०च्या दशकात मोटारींच्या पत्र्याचे आकार ठरवण्यासाठी वापरात आले. रेनॉ कंपनीतील पिएर बेझिए यांचे नाव त्यांना मिळाले असले, तरी सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी तेच गणित आधीच स्वतंत्रपणे मांडले होते. या वक्रात रेषेवरच्या प्रत्येक बिंदूला दोन दांड्या असतात. दांडी ओढली की रेषेचे वळण बदलते. अ‍ॅनिमेटर पडद्यावर जे ओढत बसलेला दिसतो, ते हेच बिंदू आणि याच दांड्या.

प्रेक्षकाला शेवटी दोन्ही चित्रे पिक्सेलच्याच रूपात दिसतात, कारण पडदा पिक्सेलचा असतो. फरक एवढाच, की रास्टर चित्राचे पिक्सेल चित्र काढतानाच ठरतात आणि व्हेक्टरचे शेवटच्या क्षणी, फ्रेम तयार होताना. फाइलचा आकार, चित्र मोठे करण्याची सोय आणि शैली या तिन्ही बाबतींतले फायदे-तोटे या एका फरकातून निघतात.

फाइलचा आकार

व्हेक्टरची फाइल लहान आणि रास्टरची मोठी, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे आहे, पण काही अटींसह. त्या अटी साध्या हिशेबातून कळतात.

फुल एचडी फ्रेम १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० पिक्सेल उंच असते, म्हणजे तिच्यात २०,७३,६०० पिक्सेल असतात. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता यांसाठी प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. एका फ्रेमचा कच्चा आकार त्यामुळे सुमारे ८.३ एमबी होतो. सेकंदाला २४ फ्रेम हा चित्रपटाचा वेग. त्यात एक चित्र दोन फ्रेमपर्यंत धरून ठेवण्याची पद्धत रूढ आहे, म्हणून दहा सेकंदांच्या शॉटसाठी एका पात्राची १२० चित्रे लागतात. ती सगळी कच्च्या स्वरूपात ठेवली, तर जवळजवळ १ जीबी जागा व्यापतात.

तेच पात्र व्हेक्टरमध्ये ६० रेषांचे आहे आणि प्रत्येक रेषेवर सरासरी आठ बिंदू आहेत असे धरू. बिंदू आणि त्याच्या दोन दांड्या मिळून सहा संख्या होतात. प्रत्येक संख्येला चार बाइट धरले, तर एका बिंदूला २४ बाइट लागतात. ४८० बिंदूंचे पूर्ण चित्र साधारण ११.५ केबीत बसते आणि १२० चित्रे १.४ एमबीत. १ जीबी विरुद्ध १.४ एमबी, असा हा सामना दिसतो.

पण कच्चे रास्टर चित्र तसेच कोणी साठवत नाही. पीएनजीसारख्या स्वरूपात एकसारख्या रंगाचे सलग पिक्सेल थोडक्यात लिहिले जातात आणि पात्राभोवतीच्या रिकाम्या जागेला जवळजवळ काहीच लागत नाही. सपाट रंगांच्या पात्राचे असे चित्र १५० केबीचे धरले, तर १२० चित्रे १८ एमबीत मावतात. व्हेक्टर अजूनही पुढे आहे, पण आताचा फरक तेरापट आहे, सातशेपट नाही.

आणि हा फरकही चित्र साधे असेपर्यंतच टिकतो. कोळशाने ओढल्यासारखी खरबरीत रेषा व्हेक्टरमध्ये साठवायची, तर तिचा प्रत्येक दातेरी काठ बिंदूंनी लिहावा लागतो. एका फटकाऱ्याला १५० बिंदू लागले आणि चित्रात असे हजार फटकारे असले, तर एकच चित्र ३.६ एमबीचे होते. रास्टर चित्रात कितीही गुंतागुंत असली, तरी त्याचा कच्चा आकार पिक्सेलच्या संख्येपलीकडे जाऊ शकत नाही. व्हेक्टरला अशी वरची मर्यादाच नसते. कागदावरचे पेन्सिलचे रेखाटन स्कॅन करून त्याचे आपोआप व्हेक्टर करणाऱ्यांना हा अनुभव लवकर येतो. कागदाचा पोत आणि पेन्सिलचा भुगासुद्धा हजारो बिंदूंत बदलतो, फाइल फुगते आणि पडद्यावर रेषा निवडायला गेले की सॉफ्टवेअर अडखळू लागते.

फाइलच्या आकाराचा प्रश्न कुठे लागू होतो, हेही पाहावे लागते. १९९६ मध्ये फ्युचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर या नावाने आलेले सॉफ्टवेअर मॅक्रोमीडियाने घेतले आणि ते फ्लॅश म्हणून जगभर पसरले. त्या काळच्या टेलिफोन मोडेमचा वेग फार तर ५६ किलोबिट, म्हणजे सेकंदाला ७ केबी असे. १ एमबीची फाइल उतरवायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागे. फ्लॅशमध्ये व्हेक्टरची कृतीच इंटरनेटवरून पाठवली जाई आणि चित्र प्रेक्षकाच्या संगणकावर तयार होई, म्हणून त्या वेगावरही कार्टून पाहता येत असे. ब्राउझरमधील फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा २०२० च्या अखेरीस थांबला, पण ती कल्पना टिकून आहे. एअरबीएनबीने २०१७ मध्ये खुले केलेले लॉटी हे स्वरूप मोबाइल अ‍ॅपमधील छोट्या हलत्या चित्रांसाठी तेच करते.

मालिका, चित्रपट किंवा यूट्यूबसाठीचा व्हिडिओ मात्र शेवटी पिक्सेलच्याच रूपात बाहेर पडतो. सेकंदाला ८ मेगाबिट या दराने तयार केलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ १० एमबीचाच होतो, मूळ चित्र कोणत्याही पद्धतीचे असो. अशा कामात व्हेक्टरमुळे वाचते ती स्टुडिओच्या डिस्कवरची जागा आणि एकमेकांना फाइल पाठवण्याचा वेळ. प्रेक्षकाचा डेटा वाचत नाही.

चित्र मोठे करताना

रास्टर चित्र त्याच्या मूळ मापापेक्षा मोठे केले, की संगणकाला नसलेले पिक्सेल आजूबाजूच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरावे लागतात. त्यामुळे काठ धूसर होतात किंवा दातेरी दिसतात. फ्लेक्सच्या दुकानात ‘फोटो फाटतोय’ म्हणतात तो हाच प्रकार. चित्र फिरवतानाही हेच घडते. हात पाच अंशांनी वळवला, की प्रत्येक पिक्सेल नव्या जागी बसवताना शेजाऱ्यांत थोडा मिसळतो आणि रेषेची धार जाते. वळवलेले चित्र साठवून पुन्हा वळवले, तर ही हानी साचत जाते. म्हणून रास्टर भागांची हालचाल नेहमी मूळ चित्रावरून मोजावी, आधी बदललेल्या चित्रावरून नव्हे.

रास्टरमध्ये काम करायचे असेल, तर लागणारे माप आधीच काढता येते. अंतिम फ्रेमची रुंदी गुणिले शॉटमधला सर्वांत मोठा झूम, एवढा साधा गुणाकार आहे. १९२० पिक्सेलच्या फ्रेममध्ये कॅमेरा तिप्पट जवळ जाणार असेल, तर पार्श्वभूमी ५७६० पिक्सेल रुंद हवी. तिची उंची ३२४० आणि कच्चा आकार सुमारे ७५ एमबी होईल. पार्श्वभूमीचे चित्र एकच असते, त्यामुळे हे परवडते. पात्राची १२० चित्रे पूर्ण फ्रेमच्या त्याच मापात काढली, तर स्मृतीत ९ जीबीचा भार पडतो आणि साधा संगणक हालचाल वेळेत दाखवू शकत नाही.

व्हेक्टर चित्र तिप्पट किंवा तीसपट केले, तरी काठ स्वच्छ राहतो, कारण प्रत्येक फ्रेमला पिक्सेल नव्याने मोजले जातात. तरीही ते ‘कितीही मोठे करता येते’ हे विधान अर्धेच खरे आहे. चित्र मोठे होताना रेषेची जाडीही वाढते. दूरच्या दृश्यात ३ पिक्सेल जाडीची असलेली रेषा तिप्पट झूममध्ये ९ पिक्सेल होते. शेजारी मूळ मापात काढलेले दुसरे पात्र असेल, तर एकाची रेषा नाजूक आणि दुसऱ्याची जाड असे विजोड चित्र दिसते. दूरच्या दृश्यासाठी काढलेल्या चेहऱ्यात डोळे म्हणजे दोन टिंबे आणि तोंड म्हणजे एक आडवी रेघ असते. पडदाभर मोठे केल्यावर ती टिंबे धारदार दिसतील, पण टिंबेच राहतील. व्हेक्टर काठ राखते, तपशील निर्माण करत नाही.

लहान करतानाही अडचण येते. रेषा एका पिक्सेलपेक्षा बारीक झाली, की ती कुठल्या पिक्सेलवर किती दिसावी हे प्रत्येक फ्रेमला बदलत राहते आणि हालचालीत ती लुकलुकते. स्थिर चित्रात हे कळत नाही, शॉट चालवल्यावरच दिसते. यावर दोन उपाय आहेत: चित्र लहान-मोठे झाले तरी रेषेची जाडी न बदलण्याची सोय वापरणे, किंवा दूरच्या अंतरासाठी आतल्या रेषा गाळलेले वेगळे, सोपे चित्र ठेवणे.

रेषेचा स्वभाव

शैलीचा प्रश्न या दोन्हींपेक्षा अवघड आहे, कारण तो गुणाकाराने सुटत नाही. तरी त्याचीही कारणे तांत्रिक आहेत.

व्हेक्टरमध्ये पेनने रेषा ओढली, की सॉफ्टवेअर हाताच्या हालचालीतले शेकडो नमुने घेते आणि त्यांतून कमीत कमी बिंदूंचा वक्र बसवते. त्यात हाताची थरथर निघून जाते आणि रेषा गुळगुळीत होते. लोगो, तक्ते, सपाट रंगांची कार्टून यांना ती शोभते. हे गुळगुळीतपण जास्त ठेवले, तर ओठांचे कोपरे, बोटांची टोके आणि कापडाच्या घडीतले टोकदार कोन गोल होतात आणि पात्र रबरी दिसू लागते. नवशिक्यांच्या व्हेक्टर कामात हा दोष सर्वाधिक दिसतो. बोटांची टोके पाहिली की तो लगेच ओळखता येतो.

रास्टरमध्ये ब्रशचा प्रत्येक ठसा जसाच्या तसा पिक्सेलमध्ये उतरतो. पेन्सिलचा कण, जलरंगाचा ओघळ, दाब कमी झाल्यावर फिकट पडणारा फटकारा यांसाठी वेगळी युक्ती करावी लागत नाही. प्रत्येक चित्र नव्याने काढले जात असल्यामुळे रेषा फ्रेमगणिक किंचित हलते. अ‍ॅनिमेटर या हलण्याला ‘बॉइल’ म्हणतात. हाताने केलेल्या अ‍ॅनिमेशनचा जिवंतपणा बराचसा त्यातून येतो. एकच व्हेक्टर चित्र धरून ठेवले, तर पात्र थांबल्यावर रेषा पूर्ण निश्चल होते. ते कधी चालते, कधी फोटो चिकटवल्यासारखे दिसते.

आयर्लंडच्या कार्टून सलून स्टुडिओचा ‘साँग ऑफ द सी’ (२०१४) टीव्हीपेंट या रास्टर सॉफ्टवेअरच्या आधाराने झाला, आणि त्यातली जलरंगी ओल या निवडीशी सुसंगत आहे. मुंबईच्या गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोज’ २०१९ मध्ये व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकमध्ये उद्‌घाटनाचा चित्रपट होता. तो फ्रेमगणिक हाताने रंगवलेल्या चित्रांसाठी ओळखला जातो. अशा कामात प्रत्येक फ्रेममध्ये रंगाचा थर बदलतो, त्यामुळे व्हेक्टरचा मोठा फायदा, म्हणजे एकदा काढून अनेकदा वापरणे, तिथे मिळतच नाही.

व्हेक्टरची बाजू निना पेली यांच्या ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ (२००८) या चित्रपटात नीट दिसते. अमेरिकी चित्रकर्तीने बहुतांशी एकटीने, मुख्यत्वे फ्लॅशमध्ये केलेले हे रामायणाचे रूपांतर एकाच शैलीत नाही. १९२०च्या दशकातील अ‍ॅनेट हॅनशॉ या गायिकेच्या गाण्यांवरचे प्रसंग निखळ व्हेक्टर शैलीत आहेत: वर्तुळांतून घडलेली सीता, सपाट झगझगीत रंग, तालावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्याच हालचाली. रामायणातील संवादांच्या प्रसंगांत राजपूत चित्रशैलीची आठवण करून देणाऱ्या रंगवलेल्या आकृती कातरचित्रासारख्या हलतात. आधुनिक काळातील कथा थरथरत्या रेषेत आहे. एका व्यक्तीने पूर्ण लांबीचा चित्रपट करण्यासाठी व्हेक्टरची पुनर्वापराची सोय मोलाची ठरते. जिथे रंगवल्याचा स्पर्श हवा होता, तिथे त्या सोयीचा हट्ट धरलेला नाही.

दोन टोकांच्या मधला रस्ताही आहे. टून बूम हार्मनीमध्ये व्हेक्टर रेषेला पोताचा ब्रश लावता येतो: मार्ग व्हेक्टरचा, त्यावरचा पोत रास्टरचा. तो झूममध्ये रेषेइतका स्वच्छ राहत नाही, कारण पोताचे पिक्सेल मोजकेच असतात. डिस्नेच्या ‘पेपरमॅन’ (२०१२) या लघुपटात त्रिमित आकृतींच्या हालचालीला हाताने काढलेल्या व्हेक्टर रेषा बांधल्या होत्या. रेषा चित्रकाराची आणि तिचा प्रवास संगणकाने सांभाळलेला, अशी ती रचना होती.

हालचाल आणि रंग

पात्र हलवण्याच्या पद्धतीचाही निवडीवर परिणाम होतो. पात्राचे हात, पाय, डोके वेगळे काढून सांध्यांवर जोडले, की त्याला ‘रिग’ म्हणतात. रिगमध्ये भाग सतत वळतात आणि ताणले जातात, म्हणून तिथे व्हेक्टरची सोय पूर्ण उपयोगी पडते. दोन मुख्य चित्रांमधली चित्रे संगणकाने भरावीत, ही अपेक्षाही व्हेक्टरमध्ये काही अंशी पूर्ण होते, पण त्यासाठी दोन्ही चित्रांतील रेषांची संख्या आणि क्रम जुळावा लागतो. ओपनटून्झमध्ये ही अट स्पष्टच आहे. चेहरा समोरून बाजूला वळला, एक कान लपला आणि नाकाची बाह्यरेषा नव्याने उगवली, की जोड्या चुकतात आणि मधल्या फ्रेममध्ये चेहरा चुरगळल्यासारखा होतो. अशा वळणाची चित्रे हातानेच काढावी लागतात. मग ती रास्टरमध्ये काढली तरी कष्टात फारसा फरक पडत नाही.

रंग बदलणे व्हेक्टरमध्ये सोपे असते. दिवसाचा प्रसंग रात्रीचा झाला, तर रंगपेटीतला एक रंग बदलला की १२० चित्रांतील साडी एकदम बदलते. साध्या रास्टरमध्ये तसे होत नाही. शिवाय तिथे रेषेचा काठ मऊ असल्याने रंग ओतताना रेषा आणि रंग यांच्यामध्ये बारीक पांढरी कड राहते. गडद पार्श्वभूमीवर ती चटकन दिसते. रंग रेषेखाली एक-दोन पिक्सेल सरकवून भरला की ती जाते.

ओपनटून्झच्या ‘टून्झ रास्टर’ या प्रकाराने या अडचणीवर तोड काढली आहे. त्यात पिक्सेलमध्ये थेट रंग न ठेवता शाईचा क्रमांक, भरलेल्या रंगाचा क्रमांक आणि त्यांचे प्रमाण ठेवले जाते. चित्र पिक्सेलचेच, पण रंग रंगपेटीतून बदलता येतो. स्टुडिओ जिब्लीने ‘प्रिन्सेस मोनोनोके’पासून (१९९७) वापरलेले टून्झ हे सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ओपनटून्झ या नावाने मोफत खुले झाले. कमी भांडवलाच्या स्टुडिओलाही त्यामुळे हा पर्याय मिळतो.

एका शॉटचा हिशेब

दहा सेकंदांचा एक शॉट घेऊ. गावाबाहेरच्या थांब्यावर एक आजी पिशवी घेऊन उभी आहे. रस्त्याच्या टोकाला एसटी दिसते, धूळ उडवत जवळ येते, आणि त्याच वेळी कॅमेरा तिप्पट जवळ जाऊन आजीच्या चेहऱ्यावर थांबतो. व्हिडिओ फुल एचडीत जायचा आहे.

पार्श्वभूमी रंगवलेली हवी, म्हणून ती रास्टर. तिप्पट झूम असल्याने माप ५७६० गुणिले ३२४०. चित्र एकच, त्यामुळे अडचण नाही. धूळही रास्टर, कारण तिला ठाम काठ नसतो. व्हेक्टरमध्ये धूळ काढली, तर ती कागद कापून चिकटवल्यासारखी दिसते. धूळ मुळातच धूसर असल्याने तिला तिप्पट मापात काढण्याचीही गरज नाही.

एसटी कडक आकाराची आहे. ती वळत नाही, फक्त मोठी होत जाते. तिच्यासाठी व्हेक्टर उत्तम. ती पडद्यावर २०० पिक्सेलपासून १२०० पिक्सेलपर्यंत वाढते असे धरू. जवळच्या मापात ४ पिक्सेलची रेषा ठेवली, तर दूरच्या मापात तीच रेषा पाऊण पिक्सेलपेक्षाही बारीक होते आणि लुकलुकते. म्हणून पहिल्या काही सेकंदांसाठी खिडक्यांच्या चौकटी आणि पाटीवरची अक्षरे गाळलेले सोपे चित्र ठेवायचे आणि धुळीच्या आडून मूळ चित्रावर यायचे.

खरा प्रश्न आजीचा. ती डोळे बारीक करते, पदर सावरते, पिशवी दुसऱ्या हातात घेते. यातले काहीच पुन्हा वापरता येणारे नाही. पदराची घडी प्रत्येक चित्रात वेगळी आहे आणि पार्श्वभूमी रंगवलेली असल्याने सपाट, धारदार रेषेची आजी तिच्यावर चिकटवलेली वाटेल. म्हणून तिच्यासाठी रास्टर. आकाराची भीती इथे वाटते तेवढी मोठी नाही. सुरुवातीच्या फ्रेममध्ये आजी ३०० पिक्सेल रुंद आणि ६०० उंच असेल, तर तिप्पट मापात तिला ९०० गुणिले १८०० एवढाच कॅनव्हास लागतो, पूर्ण ५७६० चा नाही. एक चित्र साडेसहा एमबीचे आणि १२० चित्रे सुमारे ७८० एमबीची होतात. तीही कच्च्या स्वरूपात. आधी काढलेले ९ जीबी हे पूर्ण फ्रेमचा कॅनव्हास धरल्यामुळे आले होते.

रेषेच्या जाडीचा प्रश्न उरतोच. तिप्पट मापात ६ पिक्सेलची रेषा ठेवली, तर दूरच्या दृश्यात ती २ पिक्सेलची आणि जवळच्या दृश्यात ६ ची दिसते. दोन्ही चालण्यासारखे आहे. झूम सहापट असता, तर ते जमले नसते. तेव्हा शॉट दोन भागांत कापून जवळच्या चेहऱ्यासाठी वेगळी चित्रे काढणे हेच शहाणपणाचे ठरले असते.

शेवटी एसटीची स्वच्छ धार आणि आजीची खरबरीत रेषा एकत्र येतात. तो विजोडपणा जोडणीच्या टप्प्यावर कमी करतात: बसच्या रंगावर पार्श्वभूमीसारखाच कागदाचा पोत टाकायचा आणि तिचा काठ अर्धा-एक पिक्सेल मऊ करायचा. हे सगळे जमते आहे का, हे पाहण्यासाठी १२० चित्रे होईपर्यंत थांबू नये. शॉटमधला सर्वांत दूरचा आणि सर्वांत जवळचा असे दोन फ्रेम आधी पूर्ण रंगवून, अंतिम मापात रेंडर करून, शंभर टक्के आकारात पाहावेत. काम करतानाच्या पडद्यावरचे चित्र आणि अंतिम रेंडर यांत फरक असतो, त्यामुळे पडद्यावरच्या झलकीवर विसंबू नये.

निवडीचा क्रम

निवड पूर्ण चित्रपटासाठी एकदाच करण्याची गरज नसते. ती थरागणिक, कधी शॉटगणिक करता येते. आधी चित्र कोणत्या रूपात प्रेक्षकापर्यंत जाणार ते पाहावे. अ‍ॅप किंवा संकेतस्थळावर चित्राची कृतीच पाठवायची असेल, तर व्हेक्टर घ्यावे आणि बिंदू मोजके ठेवावेत. व्हिडिओ बनवायचा असेल, तर फाइलच्या आकाराला फार महत्त्व देऊ नये. त्यानंतर सर्वांत मोठा झूम मोजावा. दीडपट-दुपटीपर्यंतचा झूम रास्टरमध्ये सहज सांभाळता येतो. कडक वस्तू अनेकपट मोठी होणार असेल, तर ती व्हेक्टरमध्ये घ्यावी. शेवटी एकच चित्र किती वेळा वापरले जाणार ते पाहावे. पन्नास भागांच्या मालिकेतला नायक व्हेक्टर रिगमध्ये वेळ आणि पैसा दोन्ही वाचवतो. एकदाच दिसणारी, प्रत्येक चित्रात बदलणारी आकृती रास्टरमध्ये काढली तर काहीच गमावले जात नाही, आणि हाताचा स्पर्श मिळतो. हे तीनही निकष एकाच बाजूला झुकत नसतील, तेव्हा कौल शैलीच्या बाजूने द्यावा. जागा आणि संगणकाचा वेग पैसे खर्चून वाढवता येतात, पण चुकीच्या पद्धतीत काढलेली रेषा पुन्हा काढावीच लागते.